नंबरप्लेटवरचं लाल स्टिकर: नवशिक्या चालकांचं टप्प्याटप्प्याचं लायसन्स आणि वयाचं गणित

न्यू जर्सीत एडिसनच्या ओक ट्री रोडवर शनिवारी भाजी आणायला गेलात तर पार्किंगमध्ये एक गोष्ट नक्की दिसेल. काही गाड्यांच्या पुढच्या आणि मागच्या नंबरप्लेटच्या डाव्या कोपऱ्यात छोटासा लाल, चमकणारा चौकोन चिकटवलेला असतो. मागच्या वर्षी पुण्याहून आलेल्या माझ्या दिरांनी विचारलं, "वहिनी, ही कसली नवी फॅशन?" मी म्हटलं, "भाऊजी, फॅशन नाही. आमच्या गाडीवरही आहे. गाडी नवशिका पोरगा चालवतोय, एवढाच त्याचा अर्थ."

त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा होता. "पण त्याला लायसन्स मिळालंय ना? मग नवशिका कसा?"

आपल्याकडे लायसन्सची कल्पना दोन खणांची आहे. आधी लर्निंग, त्यावर पांढऱ्या पाटीवर लाल 'एल', मग निदान तीस दिवस थांबून परीक्षा, आणि पास झालात की पक्कं लायसन्स. काल मागे पाटी होती, आज तुम्ही आणि वीस वर्षं गाडी चालवणारा माणूस कायद्याच्या लेखी सारखे. अमेरिकेत, कॅनडात, न्यूझीलंडमध्ये या दोन खणांच्या मधोमध तिसरा खण घातलेला आहे. त्यात पोरगं एकटं गाडी चालवू शकतं, पण काही वेळा आणि काही परिस्थिती त्याच्यासाठी बंद असतात. याला टप्प्याटप्प्याचं लायसन्स म्हणता येईल. न्यूझीलंडने 1987 मध्ये हे पहिल्यांदा पूर्ण स्वरूपात लागू केलं, 1994 मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ आणि नोव्हा स्कोशा या प्रांतांनी, आणि 1996 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाने. न्यू जर्सीत ते 2001 पासून आहे, आणि इतर राज्यांपेक्षा जरा वेगळं आहे. तो वेगळेपणाच या लेखाचं कारण, पण तिथे पोचायला आधी अपघातांचा हिशोब समजून घ्यावा लागेल.

धोका कुठल्या वयात किती

नुसते अपघात मोजून काही कळत नाही. चाळिशीतली माणसं रोज कामाला जातात, खूप गाडी चालवतात, म्हणून त्यांचे अपघात आकड्यात जास्तच दिसणार. म्हणून हिशोब करायचा तो चाललेल्या अंतरामागे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या संशोधन संस्थेने 2014-15 सालच्या आकडेवारीवर असा हिशोब मांडला होता. दर 10 कोटी मैलांमागे, म्हणजे साधारण 16 कोटी किलोमीटरमागे, 16-17 वर्षांचे सुमारे 1,430 चालक पोलिसांत नोंद झालेल्या अपघातांत सापडले. 18-19 वयाला हा आकडा झपकन अर्ध्यावर, 730 च्या आसपास येतो. तिशीत 330 च्या जवळ, आणि साठीत सगळ्यात कमी, सुमारे 240. म्हणजे तेवढ्याच अंतराला सतरा वर्षांचं पोरगं आपल्या आजोबांच्या जवळजवळ सहापट अपघातांत सापडतं.

आता याच आकडेवारीतला दुसरा रकाना पाहा. त्यात जीवघेणे अपघात मोजलेत. तेवढ्याच अंतरामागे जीवघेण्या अपघातात सापडलेले चालक 16-17 वयात 3.75, साठीत सुमारे 1, आणि ऐंशीच्या पुढे पुन्हा 3.85. हे वाचून कुणी म्हणेल की म्हातारी माणसं आणि पोरं सारखीच धोकादायक. तसं नाही. ऐंशीच्या पुढच्यांचे एकूण अपघात पोरांच्या जेमतेम तीस टक्के आहेत. पण त्यांची हाडं ठिसूळ, बरगड्या नाजूक. जो धक्का पोरगा खरचटण्यावर निभावून नेतो तो त्यांना झेपत नाही. म्हाताऱ्यांच्या बाबतीत अपघात झाला तर जगणं अवघड. पोरांच्या बाबतीत शरीर चांगलं, पण अपघातच मुळात इतके होतात की मृत्यूंचा आकडा वर जातो. वयानुसार धोक्याचा कुठलाही तक्ता पाहताना त्यात काय मोजलंय हे आधी बघावं. अंतरामागे मोजलंय की माणसामागे, अपघात मोजलेत की मृत्यू, यावर सगळं चित्र पालटतं.

वय की सवय

पोरं आपटतात ती पोरं आहेत म्हणून, की नवीन आहेत म्हणून? घरोघरी यावर वाद असतो. आमच्या घरी तर होताच. नवऱ्याचं मत, "अक्कल यायला वय लागतं." माझं मत, "हात बसायला दिवस लागतात."

या वादात सगळ्यात बोलका पुरावा नोव्हा स्कोशातून आला. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात नव्याने लायसन्स मिळालेल्यांचे अपघात महिन्या-महिन्याने मोजले. एकट्याने गाडी चालवायची मुभा मिळाल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात दर 10,000 नव्या चालकांमागे सुमारे 120 अपघात झाले. सातव्या महिन्यापर्यंत ते 70 च्या आसपास आले. सात महिन्यांत पोराच्या वयात काय फरक पडतो? सोळा वर्षांचा सोळा वर्षं सात महिन्यांचा होतो. त्याचा मेंदू, त्याचा स्वभाव, त्याचे मित्र तेच. तरी अपघात चाळीस टक्क्यांनी कमी. एवढी उतरंड वयाने होत नाही, सरावानेच होते. वीस वर्षांपुढे लायसन्स घेतलेल्यांचा आलेखही असाच उतरला, फक्त पोरांइतका उंचावरून नाही आणि इतका भरभर नाही.

म्हणून दोघांचंही थोडं थोडं बरोबर. वय आलेखाची उंची ठरवतं, सवय त्याचा उतार ठरवते. आणि सगळ्यात वाईट जागा म्हणजे दोन्ही वाईट गोष्टी एकत्र येतात ती: सोळा-सतरा वय आणि पहिला महिना.

पण इथे एक चमत्कारिक गोष्ट आहे, आणि ती आईबापांच्या लक्षात येत नाही. हेच पोरगं लायसन्स मिळण्याआधी आईशेजारी बसून महिनोन्‌महिने गाडी चालवत असतं, तेव्हा फारसं काही होत नाही. व्हर्जिनियात नव्वद पोरांच्या गाड्यांत कॅमेरे आणि सेन्सर बसवून एक अभ्यास झाला. पर्मिटवर, म्हणजे आपल्याकडच्या लर्निंगवर, असतानाचे शेवटचे तीन महिने आणि लायसन्स मिळाल्यानंतरचे पहिले तीन महिने यांची तुलना केली, तर एकटं पडल्यावर अपघात किंवा थोडक्यात हुकलेला अपघात होण्याचं प्रमाण आठपट निघालं. तेच पोरगं, तोच रस्ता, तीच गाडी. बदललं एवढंच की शेजारची सीट रिकामी झाली.

शेजारच्या सीटवरचा माणूस काय करत असतो? आपल्याला वाटतं आपण ओरडतो, ब्रेक मारायला सांगतो. ते तर असतंच. पण त्याहून जास्त म्हणजे आपण पोराच्या वतीने बघत असतो. ओक ट्री रोडवरून डावीकडे वळायचंय असं धरा. अमेरिकेत रस्त्याची उजवी बाजू आपली, म्हणून डावं वळण म्हणजे समोरून येणारी रांग ओलांडून जायचं. आपल्याकडचं उजवं वळण समजा. (न्यू जर्सीत मोठ्या रस्त्यांवर हे वळण सरळ न घेता उजवीकडून फाट्यावर चढून घ्यायची सोय आहे, तिला जगहँडल म्हणतात. बाहेरच्या राज्यातल्या लोकांचा त्यावर फार राग आहे. मला ते आवडतात, पण सगळीकडे ते नाहीत.) समोरून येणारी गाडी किती वेगात आहे, तिच्यामागे लपलेली दुसरी आहे का, ज्या गल्लीत वळायचंय तिच्या तोंडाशी कुणी चालत येतंय का, हे सगळं दोन सेकंदांत पाहायचं असतं. सरावलेल्या माणसाची नजर लांब जाते, आरशांत जाते, बाजूला जाते आणि परत येते. नवशिक्याची नजर बॉनेटच्या थोडं पुढे खिळलेली असते, कारण गाडी लेनमध्ये ठेवण्यातच त्याचं अर्धं लक्ष संपलेलं असतं. आई शेजारी असते तेव्हा ती म्हणते, "थांब, मागून अजून एक येतेय." पोराला वाटतं आपण वळण बरोबर घेतलं. बघायचं काम आईने केलेलं असतं.

फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयातल्या संशोधकांनी किशोरवयीन चालकांच्या गंभीर अपघातांची छाननी केली, तेव्हा जवळजवळ निम्मे अपघात तीन चुकांतून झालेले निघाले. आजूबाजूला न पाहणं, परिस्थितीच्या मानाने जास्त वेग, आणि लक्ष विचलित होणं. तिन्हींचा वाटा साधारण सारखा. दुसऱ्या चुकीकडे नीट बघा. वेगमर्यादा मोडणं असं तिथे म्हटलेलं नाही. 45 मैलांच्या रस्त्यावर 43 ने जाणारं पोरगं कायद्याने बरोबर आहे, पण पाऊस पडतोय आणि पुढे वळण आहे, तर ते 43 जास्त आहेत. हे पाटीवर लिहिलेलं नसतं. पोरं बेदरकार असतात म्हणून आपटतात ही समजूत अर्धीच खरी. बरीचशी पोरं शहाणी असतात आणि तरीही आपटतात, कारण त्यांना अजून दिसत नाही.

मग करायचं काय

इथे एक पेच आहे. सराव एकट्याने चालवूनच येतो, आणि एकट्याने चालवण्यातच धोका आहे. पोहायला पाण्यात उतरावं लागतं, पण पहिल्याच दिवशी विहिरीत नाही. टप्प्याटप्प्याचं लायसन्स म्हणजे उथळ पाण्यात पोहू द्यायची व्यवस्था. एकट्याने चालव, पण ज्या प्रसंगांत धोका सगळ्यात जास्त वाढतो ते प्रसंग काही महिने बाजूला ठेव.

कुठले प्रसंग? दोन सगळ्यात मोठे: गाडीत मित्र, आणि रात्र.

मित्रांचा हिशोब 2000 साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला. 17 वर्षांचा चालक एकटा असताना त्याच्या मृत्यूचा जो धोका आहे तो 1 धरला, तर एक प्रवासी बसला की तो 1.48 होतो, दोन बसले की 2.58, तीन किंवा जास्त बसले की 3.07. पुढे 2012 मध्ये 16-17 वयाच्या चालकांवर असाच हिशोब पुन्हा केला गेला. एकवीसच्या आतले प्रवासी वाढत गेले तसा धोका पुन्हा वाढतच गेला. पण गाडीत पस्तिशीच्या पुढचं कुणी बसलेलं असलं, तर तो एकट्याने चालवण्यापेक्षाही साठ टक्क्यांहून जास्त कमी झाला. म्हणजे वजन वाढल्याने किंवा गाडी भरल्याने काही होत नाही. कोण बसलंय त्यावर आहे. मागे तिघं मित्र हसत असतील तर चालकाच्या दोन सेकंदांतला एक त्यांच्याकडे जातो. शेजारी मामा बसला असेल तर आपोआप पाय हलका होतो.

रात्रीचं कारण नुसता अंधार नाही. रात्री दमलेलं शरीर असतं, मित्र असतात, आणि कुठेतरी पोचायची घाई असते. काही राज्यांत बंदीची वेळ रात्री एकला सुरू होते. हे जरा विनोदीच आहे. पोरांचे रात्रीचे बरेच अपघात मध्यरात्रीच्या आधी होतात. एक वाजेपर्यंत ज्यांना घरी पोचायचं ती पोचलेली असतात.

न्यू जर्सीत प्रत्यक्ष काय होतं

16 व्या वर्षी लेखी परीक्षा आणि डोळ्यांची तपासणी देऊन पर्मिट मिळतं. त्याबरोबर ड्रायव्हिंग स्कूलचे गाडीतले सहा तास सक्तीचे. पुढचे निदान सहा महिने शेजारी मोठं माणूस घेऊन सराव; तो माणूस एकवीसच्या पुढचा हवा आणि त्याला न्यू जर्सीचं लायसन्स मिळून तीन वर्षं झालेली हवीत. ही तीन वर्षांची अट आपल्या लोकांना अडवते. मागच्या वर्षीच इकडे बदली होऊन आलेला बाप भारतात पंधरा वर्षं गाडी चालवत असला तरी त्याला पोराशेजारी बसून शिकवता येत नाही. 2025 पासून एकवीसच्या आतल्यांना 50 तास सराव केल्याची नोंदही द्यावी लागते, त्यातले 10 रात्रीचे.

17 पूर्ण झाल्यावर रस्त्यावरची परीक्षा आणि मग प्रोबेशनरी लायसन्स. हाच तो मधला खण. निदान एक वर्ष एकट्याने चालवायचं, पण रात्री 11 नंतर पहाटे 5 पर्यंत नाही. गाडीत एकच प्रवासी. फोन हातात धरून नाही, आणि हँड्सफ्रीही नाही. सगळ्यांना पट्टा. आणि नंबरप्लेटवर ती लाल स्टिकरं. ते वर्ष पार पडलं आणि 18 पूर्ण झालं की पक्कं लायसन्स.

स्टिकरं 2010 च्या मे महिन्यात आली. 2006 मध्ये अपघातात गेलेल्या कायली नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीच्या नावाने तो कायदा ओळखला जातो. आईबापांनी तेव्हा बराच आरडाओरडा केला. पोरगी एकटी गाडीत आहे हे आपणच जगाला सांगतोय, कुणी पाठलाग केला तर? प्रकरण न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2012 मध्ये न्यायालयाने कायदा कायम ठेवला. स्टिकरामागचं कारण साधं होतं. गाडीकडे पाहून चालक सतरा वर्षांचा आहे की बावीसचा हे पोलिसाला कळणार कसं? रात्री साडेअकराला गाडीत चार पोरं दिसली तरी तो थांबवू शकत नव्हता. आणि पोरांनाही ते ठाऊक होतं.

आता एक प्रसंग घेऊ. नवरात्रातला शनिवार, एडिसनला गरबा. पोरगा सतरा वर्षं तीन महिन्यांचा, प्रोबेशनरी लायसन्स मिळून दोन महिने झालेले. बरोबर चौदा वर्षांची बहीण. रात्री 10:40 ला फोन येतो, "आई, ध्रुवला पण सोडू का? त्याच्या बाबांना उशीर होतोय." घर वीस मिनिटांवर.

आधी प्रवासी. बहीण धरून एक झाला, ध्रुव दुसरा. नाही चालणार. 2010 च्या आधी घरच्या माणसांना मोजत नसत, तेव्हा बहीण आणि ध्रुव दोघं चालले असते. आता फक्त चालकाची स्वतःची मुलं मोजत नाहीत, आणि सतरा वर्षांच्या पोराच्या बाबतीत ती सूट कुणाला लागू नये एवढीच इच्छा. गाडीत आई किंवा वडील असतील तर प्रवाशांची मर्यादा उठते. मग वेळ. 10:40 ला निघाला तर 11 ला घरात. ध्रुवला सोडायला उलट दिशेने दहा मिनिटं जायचं म्हटलं तर परत येईतो 11 उलटले. कामासाठी किंवा धार्मिक कार्यासाठी रात्रीची सूट आहे, पण संबंधित संस्थेचं पत्र जवळ लागतं; दांडिया खेळून येणारं पोर हे पत्र कुणाकडून आणणार हा प्रश्नच आहे.

म्हणून उत्तर: "तू बहिणीला घेऊन आत्ता निघ. ध्रुवला तिथेच उजेडात थांबायला सांग, मी येते." मला गाडी काढावी लागली. मी कुरकुरले. पण वरचे आकडे या प्रसंगाला लावून बघा. बहीण घेऊन येणारा पोरगा एकटा येण्याच्या दीडपट धोक्यावर आहे, ध्रुव बसला असता तर अडीचपटीच्या वर. मूळ धोका एका फेरीचा विचार केला तर फारच लहान, त्यामुळे त्या रात्री काहीही झालं नसतं असंच सगळ्यात संभाव्य. पण राज्यात अशा फेऱ्या वर्षभरात लाखोंनी होतात, आणि एक लहान आकडा अडीचपट झाला की तो तिथे दिसतो.

उपयोग झाला का

संशोधकांनी न्यू जर्सीचा कायदा आधी-नंतर तपासला. तुलनेला मोठ्या वयाचे चालक घेतले, म्हणजे पेट्रोल महागलं, गाड्या सुधारल्या, हिवाळा बरा गेला अशा गोष्टींचा परिणाम वजा होतो. 17 वर्षांच्या चालकांचे अपघात 16 टक्क्यांनी घटले. रात्रीचे 44 टक्क्यांनी, किशोर प्रवासी असलेले 25 टक्क्यांनी. ज्या प्रसंगांना कायद्याने हात घातला तिथेच घट जास्त, हे महत्त्वाचं. नुसती एकूण घट दिसली असती तर दुसरं काहीतरी कारण असेल अशी शंका घेता आली असती. पुढे लाल स्टिकरं आल्यावर पहिल्या वर्षी प्रोबेशनरी चालकांचे अपघात आणखी सुमारे 9 टक्क्यांनी कमी झाले.

इथे लेख संपवला असता तर छान वाटलं असतं. पण 2011 मध्ये एक अभ्यास आला आणि त्याने सगळ्यांची झोप उडवली. त्यात 1986 ते 2007 या काळातले अमेरिकाभरचे जीवघेणे अपघात तपासले होते. रात्र आणि प्रवासी या दोन्ही मर्यादा असलेल्या कडक राज्यांत 16 वर्षांच्या चालकांचे जीवघेणे अपघात, असे नियम नसतानाच्या तुलनेत, 26 टक्के कमी. फार चांगलं. पण 18 वर्षांच्यांचे 12 टक्के जास्त. सोळा ते एकोणीस सगळे मिळून धरले तर फरक जवळजवळ शून्य.

असं कसं झालं? बहुतेक राज्यांत हे नियम वयाच्या अठराव्या वर्षी संपतात. कॅलिफोर्नियात सोळाव्या वर्षी शिकायला लागलात तर पर्मिट, सराव, मधला खण, सगळं. अठरा पूर्ण होईपर्यंत थांबलात तर काहीच नाही. परीक्षा द्या आणि मध्यरात्री चार मित्र घेऊन फिरा. साहजिकच काही पोरं थांबतात. काही कंटाळा करून, आणि बरीचशी परवडत नाही म्हणून: घरात जास्तीची गाडी नाही, ड्रायव्हिंग स्कूलचे पैसे नाहीत, शेजारी बसून शिकवायला आईबापांना दोन नोकऱ्यांतून वेळ नाही. ही सगळी अठराव्या वर्षी रस्त्यावर कोरी उतरतात. त्यांचा पहिला महिना, तो नोव्हा स्कोशाचा 120 वाला महिना, टळलेला नाही, पुढे ढकलला गेलाय. शिवाय ज्यांनी नियम पाळले त्यांनाही अठराव्या वर्षी भरलेली गाडी आणि रात्र पहिल्यांदाच भेटते.

आणि म्हणून न्यू जर्सी. अमेरिकेत एकवीसच्या आतल्या प्रत्येक नवशिक्याला पूर्ण नियम लावणारं हे एकमेव राज्य. 19 व्या वर्षी पहिल्यांदा लायसन्स घेतलंत तरी एक वर्ष प्रोबेशनरी, एक वर्ष लाल स्टिकर, एक वर्ष रात्री अकराची वेळ. अठरापर्यंत थांबून काही हाती लागत नाही. आणि वर सांगितलेल्या न्यू जर्सीच्या तपासणीत इथल्या 18 वर्षांच्या चालकांचे अपघात वाढले नाहीत, सुमारे 10 टक्क्यांनी कमी झाले. त्यावरून 12 टक्क्यांचं कोडं पूर्ण सुटलं असं म्हणता येणार नाही, कारण एकीकडे जीवघेणे अपघात मोजलेत आणि दुसरीकडे सगळे. पण धोका वयाला चिकटवलेल्या नियमाने पुढे सरकतो आणि अनुभवाला चिकटवलेल्या नियमाने कमी होतो, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा मला माहीत नाही. इथेही ही मर्यादा एकविसाव्या वर्षी संपतेच. एकवीसच्या पुढच्या नवशिक्याला प्रोबेशनरी लायसन्स मिळतं, पण रात्रीची, प्रवाशांची आणि स्टिकराची अट नाही. भारतातून लग्न करून आलेली, पंचविसाव्या वर्षी पहिल्यांदा स्टिअरिंग धरणारी मुलगी याच वाटेने जाते. मी तशीच गेले होते.

पन्नास तास पुरतात का

स्वीडनमध्ये लायसन्स अठराव्या वर्षीच मिळतं, पण 1993 मध्ये तिथे सराव सुरू करायचं वय साडेसतरावरून 16 वर आणलं. ज्यांनी ही मुभा पूर्ण वापरली त्यांचा सराव चाळीस-पन्नास तासांवरून सुमारे 118 तासांवर गेला, आणि लायसन्सनंतरच्या पहिल्या दोन वर्षांत त्यांचे अपघात साधारण 40 टक्क्यांनी कमी निघाले. यात एक गोम आहे. दोन वर्षं नेटाने सराव करणारी पोरं आणि त्यांचे आईबाप मुळातच जरा काळजीवाहू असणार, त्यामुळे सगळी घट तासांच्या खाती टाकता येत नाही. तरी 118 आणि 50 मधलं अंतर डोळ्यांत भरण्यासारखं आहे.

आणि तास मोजण्याचीही एक गंमत आहे. आमच्या वहीत पहिले तीस तास भरले तेव्हा पाहिलं, तर त्यातले सव्वीस घर-शाळा-क्लास याच रस्त्यावरचे. तोच सिग्नल, तेच वळण. पोराची नजर तिथे लांब जायला शिकली होती, कारण पुढे काय आहे हे त्याला पाठ होतं. मग आम्ही एक बदल केला. मी शेजारी बसून काही सांगायचं नाही. त्याने मोठ्याने बोलायचं. "समोर बस थांबलीये, तिच्या पुढून कुणी येईल. उजवीकडची गाडी लेन बदलणार बहुतेक, चाक वळलंय." पहिल्या दिवशी त्याला दर मिनिटाला एखादी गोष्ट दिसायची आणि मला पाच. मार्चमधल्या एका पावसाळी रात्री, रूट 1 वर, त्याने मला न दिसलेली एक गोष्ट सांगितली: विनादिव्याचा सायकलवाला, रस्त्याच्या कडेच्या पट्टीवरून येणारा. त्या दिवशी वहीत मी रात्रीचे तास भरले आणि बाजूला फक्त "सायकल" एवढंच लिहिलं.